चॅट डिलीट केली, पण ती आठवण पुसली गेली का?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या फोनमधली गोष्ट आहे, म्हणून सवडीने वाचा.

वर्षा-दीड वर्षात आपल्याकडे एआयचे चॅटबॉट अक्षरशः फुकट वाटले गेले. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने सिमसोबत परप्लेक्सिटी दिलं, नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर मोफत झालं, जिओने जेमिनी आणलं, आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तर ते निळं वर्तुळ न मागता येऊन बसलंय. परिणाम काय, तर मारुती मंदिरच्या क्लासवाल्या पोरापासून मिरकरवाड्यातल्या बोटमालकापर्यंत सगळे त्याच्याशी बोलायला लागले. सुरुवात अर्ज लिहून घेण्यापासून होते, मग रिपोर्टचा फोटो टाकला जातो, आणि एक दिवस रात्री अकरा वाजता माणूस त्याला असं काहीतरी सांगतो जे त्याने सख्ख्या भावालाही सांगितलेलं नसतं.

याला माझा विरोध नाही. गावात एखादी गोष्ट एका घरी सांगितली की संध्याकाळपर्यंत वाडीभर होते, तिथे न टोकता ऐकून घेणारं काहीतरी मिळालं तर माणूस बोलणारच. माझा मुद्दा वेगळा आहे. आपण ज्याला बोलणं समजतो ते तिथे तीन वेगवेगळ्या ठिकाणी राहू शकतं, आणि एका ठिकाणचं पुसलं म्हणून दुसऱ्या ठिकाणचं पुसलं जात नाही. हे अ‍ॅप उघडल्यावर कोणी नीट सांगत नाही. सेटिंग्ज सगळ्या आहेत, कंपन्या काही लपवत नाहीत, पण त्या चार दारांच्या आत आहेत आणि मूळ स्थितीत बहुतेक गोष्टी चालू असतात.

पुढचं सगळं मुख्यतः चॅटजीपीटीबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे प्रकार त्याच्यावरूनच जास्त होतात.

पहिली जागा म्हणजे चॅटची यादी. डाव्या बाजूला जुन्या संवादांची जी रांग दिसते ती. ही सगळ्यांना माहीत असते, आणि लोक पुसतात ती हीच.

दुसरी जागा म्हणजे मेमरी, म्हणजे आठवण. हिच्यातही दोन प्रकार आहेत. एक, जतन केलेल्या आठवणी. बोलता बोलता तुम्ही सांगितलं की मला मधुमेह आहे, मुलगी दहावीला आहे, आंब्याची दीडशे कलमं आहेत, तर त्यातलं एखादं वाक्य ते वेगळं लिहून ठेवतं. तेव्हा पडद्यावर बारीक अक्षरात Memory updated असं येऊन जातं, पण उत्तर वाचायच्या नादात ते कोण बघतो? दुसरा प्रकार एप्रिल २०२५ मध्ये आला. आधी पैसे भरणाऱ्यांना, आणि जूनपासून थोड्या प्रमाणात फुकट वापरणाऱ्यांनाही. त्यात ते आधीच्या सगळ्या संवादांचा संदर्भ घेऊन उत्तर देतं. यात वेगळी यादी करून ठेवलेली नसते, त्यामुळे त्याने नेमकं काय उचललं आहे हे तुम्हाला ओळ-ओळ वाचता येत नाही.

तिसरी जागा म्हणजे कंपनीचं स्वतःचं शिकणं. तुमचे संवाद पुढचं मॉडेल घडवायला वापरायचे की नाही, याचं बटण वेगळं असतं आणि साध्या खात्यात ते सुरुवातीपासून चालू असतं. त्याचं नाव Improve the model for everyone. नाव वाचून वाटावं, समाजसेवाच चाललीय!

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका घराच्या उदाहरणाने बघू. घर काल्पनिक आहे, पण असं घर तुमच्या ओळखीत नक्की असेल.

समजा, लांज्याजवळ एक ताई आहेत. वडील गेले, घर आणि जमीन अजून वडिलांच्या नावावर. भाऊ नालासोपाऱ्याला, गणपतीत आला की कागदावर सही कर म्हणतो, हक्कसोड आहे म्हणून सांगत नाही. त्यातच नवऱ्याचं पिणं वाढलंय. ताईंनी एका रात्री मुलाने फोनमध्ये टाकून दिलेलं चॅटजीपीटी उघडलं आणि मराठीतच विचारलं. वडिलांचं नाव, गट नंबर, भावाचं नाव, त्याने कोणाकडून किती कर्ज काढलंय, सही केली तर काय होईल, आणि शेवटी, नवऱ्याला सोडून माहेरच्या घरात राहायचा हक्क मला आहे का. उत्तर बऱ्यापैकी मिळालं. मुलीलाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा आहे, २००५ च्या दुरुस्तीपासून, हे त्यांना समजलं. सही करायच्या आधी वकिलाला कागद दाखवा, हेही त्याने सांगितलं. इथपर्यंत चांगलंच झालं. ताईंनी मग चॅट दाबून धरली, डिलीट केली आणि निवांत झोपल्या.

पण त्या रात्रीच्या बोलण्यातली दोन वाक्यं आठवणीत लिहिली गेली असतील. एक, हिचा भावाशी मालमत्तेवरून वाद आहे. दोन, ही नवऱ्यापासून वेगळं व्हायचा विचार करतेय. चॅट पुसली तरी ती वाक्यं जागच्या जागी राहतात, कारण ती चॅटमध्ये नाहीतच, वेगळ्या वहीत आहेत.

आणि खातं कोणाचं? मुलाने बनवलेलं, मुलाच्याच जीमेलवर. तोच मुलगा रत्नागिरीला कॉलेजात. तिथल्या मित्राच्या लॅपटॉपवर त्याने त्याच खात्यात प्रवेश केलेला आहे, प्रोजेक्ट करायला. आठवड्याने तो विचारतो, दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन कुठे जाता येईल? आणि उत्तरात सहज येऊन जाऊ शकतं की घरात सध्या आईवडिलांमध्ये जो ताण आहे तो बघता शांत जागा निवडा. मुलगा वाचतो, शेजारी मित्र बसलेला असतो.

यात कोणी हॅक केलं नाही, कोणी डेटा चोरला नाही. यंत्राने सांगितलेलं कामच केलं. त्याला एका खात्यामागे एक माणूस दिसतो. आपल्याकडे एका खात्यामागे अख्खं घर असतं, हे त्याच्या हिशेबातच नाही. म्हणून मला वाटतं, अमेरिकेतली कंपनी माझं वाचते की काय, ही भीती आपण जरा जास्तच बाळगतो. आपल्याकडे पहिला धोका त्याच खाटेवर पडलेला फोन हातात घेणाऱ्याचा आहे.

आणि हे कायद्याच्याही बाहेर आहे बरं का. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा आपला कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि डेटा दुरुस्त करून घ्यायचा, पुसून घ्यायचा हक्क देणारी त्यातली मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. पण ती लागू झाली तरी कंपनीला लागू. एखाद्या माणसाने घरगुती, खासगी कारणासाठी हाताळलेली माहिती या कायद्यात येतच नाही, तसं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे भावाने तुमचा फोन उघडून वाचलं तर डेटा संरक्षण मंडळ तुमच्यासाठी धावून येणार नाही.

तर ताईंनी काय करायला हवं? क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून क्रमानेच सांगतो.

आधी दुसरीकडे उघडी असलेली दारं बंद करायची. आपण इकडे पुसत बसलो आणि तिकडे लॅपटॉपवर खातं उघडंच असेल तर काय उपयोग? सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात Log out of all devices असतं. ते दाबलं की सगळीकडून बाहेर पडतं, मात्र लगेच नाही, अर्धा तासही लागू शकतो. त्यानंतर पासवर्ड बदलायचा. खातं गूगलच्या जीमेलवरून उघडलेलं असेल तर पासवर्ड त्या जीमेलचा असतो, तो बदलावा लागतो.

मग आठवणींची वही. Settings मध्ये Personalization, त्यात Memory, त्यात Manage. इथे जतन केलेली वाक्यं एकाखाली एक दिसतात. बहुतेक वेळा इंग्रजीत असतात, तुम्ही मराठीत बोलला असलात तरी. ती वाचा. खरंच वाचा, कारण स्वतःबद्दल असं तिसऱ्या माणसाने लिहिल्यासारखं वाचताना बरंच कळतं. नको ती ओळ एकेक करून काढता येते, सगळी वहीही पुसता येते. नुसतं मेमरीचं बटण बंद केलं तर जुन्या ओळी पुसल्या जात नाहीत, फक्त वापरल्या जात नाहीत. परत चालू केलं की त्या हजर. इथे पुष्कळ जण फसतात.

त्यानंतर ज्या चॅटमध्ये ती गोष्ट सांगितली ती चॅट. कारण उलटही खरं आहे. वहीतली ओळ काढली आणि चॅट तशीच ठेवली, तर जुन्या संवादांचा संदर्भ घेणारी सोय तिथून परत तेच उचलू शकते. दोन्ही पुसलं तरच पुसलं. आणि Archive म्हणजे पुसणं नव्हे, ते नुसतं माळ्यावर टाकणं आहे. यादीतून दिसेनासं होतं इतकंच.

शेवटी बटणं. Reference saved memories आणि Reference chat history अशी दोन बटणं असतात. मी स्वतः पहिलं चालू ठेवतो आणि दुसरं बंद. कारण साधं आहे. पहिल्याने काय लिहून ठेवलंय ते मला वाचता येतं आणि खोडता येतं. दुसऱ्याचं मला सगळं दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची राखण मला करता येत नाही. हे दुसरं बटण बंद केलं की त्यातून तयार झालेली माहिती तीस दिवसांत पुसली जाते, असं कंपनी सांगते. ज्यांच्या घरात एक खातं दोघं-तिघं वापरतात त्यांनी मात्र दोन्ही बंदच ठेवावीत, यात माझं दुमत नाही. मेमरीचा फायदा आहे, नाही असं नाही. रोज रोज माझी साखर इतकी, माझी कलमं इतकी, हे सांगत बसावं लागत नाही. पण तो फायदा एकट्या माणसाच्या खात्याचा आहे.

झालं की नाही हे तपासायचं कसं? नवीन चॅट उघडा आणि विचारा, माझ्याबद्दल तुला काय काय आठवतं? काही नको ते आलं तर पुसायचं राहिलंय हे नक्की. पण काही आलं नाही म्हणून सगळं गेलं असं मात्र समजू नका. ते विचारलेल्या क्षणी जेवढं काढतं तेवढं सांगतं. खरी तपासणी वही स्वतः उघडून बघणं हीच. आणखी खोलात जायचं असेल तर Data controls मध्ये Export data आहे. ते मागितलं की तुमच्या साठवलेल्या संवादांची फाइल ईमेलवर येते. फक्त ती ईमेल कोणाकडे जाते ते आधी बघा! ताईंच्या बाबतीत ती मुलाकडे गेली असती.

आता पुसलं म्हणजे नेमकं कधी पुसलं जातं, याबद्दल थोडं. डिलीट केलेली चॅट तुमच्या पडद्यावरून लगेच जाते, कंपनीच्या यंत्रणेतून तीस दिवसांच्या आत जाते, असा नियम. पण त्याला अपवाद असतात, कायद्याचे आणि सुरक्षेचे. हा अपवाद कागदावरचा नाही, तो सगळ्या जगाने पाहिला. न्यूयॉर्क टाइम्सने ओपनएआयवर कॉपीराइटचा खटला भरला आहे. त्यात १३ मे २०२५ ला अमेरिकेतल्या न्यायालयाने हुकूम दिला की एरवी पुसले गेले असते असे संवादही पुरावा म्हणून जपून ठेवा. मोठ्या कंपन्यांची खास खाती सोडून साध्या ग्राहकांचे संवाद त्यात आले, तुम्ही-आम्ही पुसलेलेही. हे बंधन २६ सप्टेंबर २०२५ ला संपलं. पुढे त्याच खटल्यात ओळख काढून टाकलेले दोन कोटी संवाद समोरच्या पक्षाला द्यायचा आदेशही झाला. रत्नागिरीत बसून कोणी डिलीट दाबत होतं, आणि कधी नाव न ऐकलेल्या खटल्यासाठी ते जपलं जात होतं. कंपनीची यात लबाडी होती असं मी म्हणत नाही, ती या हुकमाविरुद्ध भांडलीच. पण डिलीट हे बटण कंपनीच्या हातातही पूर्ण नाही, एवढं यातून समजलं.

याच संदर्भात ओपनएआयचा प्रमुख सॅम ऑल्टमन जुलै २०२५ मध्ये एका पॉडकास्टवर स्वतःच बोलला, की डॉक्टर किंवा वकिलाशी बोलताना जी कायदेशीर गुप्तता मिळते ती चॅटजीपीटीशी बोलताना नाही. विकणारा माणूस स्वतः सांगतोय, तर ऐकावं. आपल्याकडेही अशील वकिलाला जे सांगतो त्याला कायद्याचं कवच आहे. तीच गोष्ट चॅटबॉटला सांगितली तर तसं कवच नाही. वाटणी, पोटगी, चेक न वटणं अशा प्रकरणात जे अडकलेत त्यांनी हे लक्षात ठेवा. कोर्टात उद्या समोरच्याने तुमच्या फोनमधलं काही पुढे ठेवलं, तर हे तर यंत्राशी बोललो होतो, हे उत्तर नाही.

शिकवण्याच्या बटणाबद्दल दोनच गोष्टी. Improve the model for everyone बंद केलं तर ते त्या दिवसापासून पुढच्या संवादांना लागू होतं. आधी जे वापरून झालं ते परत काढता येत नाही. आणि उत्तराखाली जे अंगठा वर, अंगठा खाली असतं ना, ते दाबलं तर तो पूर्ण संवाद शिकवायला वापरला जाऊ शकतो, बटण बंद असलं तरी. ताईंसारखा संवाद असेल तर अंगठ्याला हात लावू नका, उत्तर कितीही आवडो.

जेमिनीचं थोडं वेगळं आहे. तिथे सगळ्याची चावी एकाच ठिकाणी आहे, पूर्वी Gemini Apps Activity म्हणायचे, आता Keep activity. ते चालू असेल तर मूळ स्थितीत संवाद अठरा महिने राहतात. बंद केलं तरी बहात्तर तास राहतातच. पण खरी लक्षात ठेवायची गोष्ट ही, की काही संवाद माणसं वाचतात, दर्जा तपासायला. असे निवडलेले संवाद खात्यापासून तोडून ठेवतात, पण तीन वर्षांपर्यंत ठेवतात, आणि तुम्ही तुमच्याकडचं पुसलं तरी ते जात नाहीत. गूगलने स्वतःच लिहिलंय की परीक्षकाने बघू नये असं काही टाकू नका. खात्यापासून तोडलं हे खरं, पण तुम्ही संवादातच स्वतःचं नाव, गाव, गट नंबर लिहिला असेल तर तोडून काय उपयोग?

व्हॉट्सअ‍ॅपवर गैरसमज वेगळा आहे. तिथे लोकांना वाटतं, सगळं एन्क्रिप्टेड आहे, मग काय भीती. तुमचे माणसामाणसातले मेसेज एन्क्रिप्टेड आहेतच, ते मेटा वाचत नाही. पण मेटा एआयला लिहिलेला मेसेज हा दोन माणसांतला मेसेज नाही, तो कंपनीलाच लिहिलेला असतो. कुलपाचं एक टोकच कंपनीकडे. शिवाय १६ डिसेंबर २०२५ पासून मेटा आपल्या एआयशी झालेल्या बोलण्यावरून जाहिराती आणि मजकूर ठरवते. युरोप, ब्रिटन आणि दक्षिण कोरिया यातून वगळलेत, आपण नाही. आरोग्य, धर्म, राजकारण यांसारखे विषय जाहिरातीसाठी वापरणार नाही असं ते म्हणतात. पण कर्ज, जमीन, लग्न हे विषय त्या यादीत नाहीत, आणि आपल्याकडची दुखणी बहुतेक त्यातलीच. घरच्या ग्रुपवर कोणी @Meta AI करून सगळ्यांसमोर विचारायला नको असेल तर त्या ग्रुपमध्ये Advanced chat privacy चालू करा. त्याने चॅट बाहेर एक्स्पोर्ट करणंही बंद होतं.

आणखी एक धोका असा, की तो आपण आपल्याच हाताने ओढवतो. शेअर. उत्तर चांगलं आलं म्हणून मैत्रिणीला लिंक पाठवली, तर त्या लिंकवर फक्त उत्तर नसतं, तुमचा प्रश्नही असतो, सगळा. जुलै २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या अशा शेअर केलेल्या लिंका गूगलवर शोधल्या की सापडायला लागल्या होत्या. लोकांनी एक चौकोन टिकलेला होता, अर्थ नीट न वाचता. त्या महिन्याच्या शेवटी ती सोयच काढून टाकली. त्याच वर्षी जूनमध्ये मेटा एआयच्या अ‍ॅपवर लोकांचे खासगी प्रश्न जाहीर फीडमध्ये दिसत होते, त्यांनी शेअर दाबलं होतं म्हणून. आधी पाठवलेल्या लिंका Data controls मध्ये Shared links खाली दिसतात, तिथून काढता येतात. त्याचा स्क्रीनशॉट कोणाकडे गेला असेल तर मात्र काही करता येत नाही. त्यापेक्षा उत्तरातला हवा तेवढा परिच्छेद कॉपी करून पाठवा.

आता सेटिंग्ज बाजूला ठेवू. माझं खरं मत हे आहे की निम्मं काम विचारण्याच्या पद्धतीत आहे. ताईंचा प्रश्न परत बघा. त्यात वडिलांचं नाव, गट नंबर, भावाचं नाव, सावकाराचं नाव होतं. उत्तर मिळायला यातलं काय लागलं? काहीच नाही. त्याच प्रश्नाची ही दुसरी मांडणी बघा: एका बाईचे वडील मृत्युपत्र न करता वारले, मागे एक मुलगा एक मुलगी, घर वडिलांच्या नावावर, मुलगा हक्कसोडीवर सही मागतोय, तिने सही केली तर काय होईल आणि नाही केली तर काय? उत्तर अगदी तेच येईल. आणि आठवणीत काही गेलंच तर एका बाईचं जाईल, ताईंचं नाही.

कोणी म्हणेल, सातबारा तर ऑनलाइन कोणीही बघतो, मग गट नंबर लपवून काय होणार? बरोबर आहे, गट नंबर एकटा गुपित नाहीच. गुपित तयार होतं ते तो नंबर आणि भावाने अमक्याकडून कर्ज काढलंय हे वाक्य एकाच कागदावर आल्यावर. सरकारी नोंदीत जमीन कोणाची ते दिसतं, बहिणीच्या मनात काय चाललंय ते दिसत नाही.

फोटोंचंही तसंच. रक्ताच्या रिपोर्टवर वरच्या पट्टीत नाव, वय, मोबाइल, डॉक्टरचं नाव असतं. आकडे खालच्या तक्त्यात असतात. फोटो कापून तक्ताच टाका. आधारकार्डाचा फोटो तर कुठल्याच प्रश्नाला लागत नाही.

आणि एक विनंती आशाताई, शिक्षक, पतसंस्थेतले कर्मचारी, वकिलांकडचे कारकून यांना. तुम्ही जेव्हा अहवाल नीट लिहून दे म्हणून यादी चिकटवता, तेव्हा त्या यादीतल्या बायकांना, मुलांना, कर्जदारांना कोणी विचारलेलं नसतं. स्वतःचं गुपित सांगायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एखाद्या गरोदर बाईचं नाव आणि तिचं हिमोग्लोबिन तुमच्या खासगी खात्याच्या आठवणीत जाणं हा तुमचा हक्क नाही. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकावर असली साधनं वापरू नका असं कळवलं होतं, ते गोपनीयतेच्याच कारणाने. आपल्या खालच्या कार्यालयांपर्यंत असा कागद आला नसेल तर नावांच्या जागी १, २, ३ घालून काम करा. अहवालाची भाषा तितकीच सुधारते.

एखादी गोष्ट सांगायचीच आहे, आणि मागे ठेवायची नाही, तर Temporary chat आहे, उजवीकडे वर. त्यात ते जुनं काही आठवत नाही, नवीन काही लिहून ठेवत नाही, यादीत दिसत नाही आणि शिकवायला वापरलं जात नाही. पण तेही सुरक्षेसाठी तीस दिवसांपर्यंत कंपनीकडे राहू शकतं. घरातल्या नजरेपासून ते चांगलं राखतं, कोर्टाच्या हुकमापासून नाही. घरात मार खाणाऱ्या बाईला त्यातल्या पहिल्या गोष्टीचाच जास्त उपयोग आहे, म्हणून तिला हे आधी दाखवा. जेमिनीतही अशी तात्पुरती चॅट आहे, ती बहात्तर तास राहते.

ही नावं कंपन्या अधूनमधून बदलतात, हलवतात. सापडलं नाही तर खाली लिहा, मी बघून सांगतो. आणि मराठीत सांगतो, कारण गाणं लिहून देण्यापासून वकिली सल्ल्यापर्यंत सगळं मराठीत देणाऱ्या या अ‍ॅप्सना, एखाद्या बाईने मराठीत आपलं दुःख सांगितल्यावर ही गोष्ट मी लक्षात ठेवू का, असं मराठीत विचारायला काय हरकत होती? तेवढा एक प्रश्न आधी विचारला असता तर ही पोस्ट लिहायची वेळच आली नसती.

राहिली जीमेलची गोष्ट. आपल्याकडे पुष्कळांचं, विशेषतः पन्नाशीपुढच्यांचं, जीमेल मोबाइल दुकानातल्या पोराने फोन घेताना बनवून दिलेलं असतं. पासवर्ड बिलाच्या मागे लिहिलेला, आणि रिकव्हरीला नंबर कधीकधी दुकानाचाच. त्याच जीमेलवर चॅटबॉटचं खातं आहे. वरच्या सगळ्या सेटिंग्ज करायच्या आधी गूगलच्या खात्यात जाऊन Recovery phone खाली कोणाचा नंबर आहे तो बघा. तुमचा नसेल तर बदला, मग पासवर्ड बदला. गणपतीला आलेल्या भाच्याकडून नको, स्वतः करा, तो समोर बसून नुसतं सांगू दे.